गट ठरवता येत नाही

माझ्या धाकट्या भावाचं दुखणं दातांच्या डॉक्टरकडे सुरू झालं. हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या आणि ब्रश लावला की रक्त येत होतं. भाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, लोणंदच्या अलीकडे त्याचं गाव, ऊस आणि दोन म्हशी. तो साताऱ्याला माझ्याकडे आला तेव्हा दंडावर निळे डाग होते आणि तो म्हणत होता, म्हशीनं शिंग लावलं. म्हशीनं एकाच आठवड्यात सात ठिकाणी शिंग लावलं यावर माझा विश्वास बसला नाही. दातांच्या डॉक्टरचाही बसला नाही. त्यानं दाताला हात न लावता आधी रक्त तपासायला पाठवलं. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघाल्या. त्यांतल्या बहुतेक कच्च्या होत्या, कामाला न आलेल्या आणि येण्याची शक्यता नसलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सांगलीत होतो. भावजयीचं माहेर विट्याचं, त्यामुळे तिच्या माणसांना सांगलीतली इस्पितळं ठाऊक.

मी साताऱ्यात तीस वर्षं ग्रंथपाल होते. त्या नोकरीनं मला दोन सवयी लावल्या. मुखपृष्ठावर विश्वास ठेवायचा नाही, आणि प्रकाशन समारंभाला शाल घेणाऱ्या माणसाची प्रस्तावना वगळून वाचायला लागायचं. इस्पितळात शिरताना भिंतीवर मोठ्या डॉक्टरांचे परिषदांमधले फोटो ओळीनं लावलेले दिसले, प्रत्येकात गळ्यात ओळखपत्र आणि हातात पुष्पगुच्छ, तेव्हा मी सावध झाले.

मोठे डॉक्टर चार जणांना मागे घेऊन आले. त्यांनी सांगितलं, हा रक्ताचा कर्करोग आहे, तीव्र मायलॉइड प्रकारचा. औषधं आजच सुरू करावी लागतील, एवढ्या पेशी असताना थांबता येत नाही. पण पहिली फेरी झाल्यावर पुढे काय करायचं ते त्या पेशींमधल्या बिघाडावर ठरेल. कुठलं जनुक बदललंय, कुठल्या गुणसूत्राचा तुकडा तुटलाय की जागा सोडून बसलाय, हे कळलं की पेशंट तीनपैकी एका गटात जातो. चांगला, मधला आणि वाईट. चांगल्या गटाला शक्यतो नुसती औषधं. वाईट गटाला, अंगाला झेपणार असेल तर, दुसऱ्याची अस्थिमज्जा द्यायची. मधल्यालाही बहुतेक वेळा तेच.

"आणि अस्थिमज्जा दिल्यावर माणूस बरा होतो?" मी विचारलं.

"बरे होतात. काही जण त्या उपचारानंच दगावतात. म्हणून तर गट बघायचा."

एवढं त्यांनी सरळ सांगितलं, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवलं. तरीही पत्रिका बघून गण सांगणाऱ्या गुरुजींची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. देवगण, मनुष्यगण, राक्षसगण. भावाला मी तसं सांगितलं, तर तो खाटेवरून म्हणाला, "माझा राक्षस निघंल, आक्का. घरात इचार."

त्याच दुपारी त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली. तिचे काही थेंब काचपट्ट्यांवर पसरले, त्या तिथल्याच प्रयोगशाळेत राहिल्या. बाकीची दोन नळ्यांत भरली, एक हिरव्या टोपणाची, एक जांभळ्या. सिस्टरनं समजावलं: हिरवीतल्या पेशी जिवंत पाहिजेत, पुण्याच्या लॅबमध्ये त्या वाढवतात, त्या दुभंगायला लागल्या की तेवढ्या क्षणी गुणसूत्रं दिसतात. जांभळीतून डीएनए काढतात आणि त्यात जनुकांचे बदल शोधतात. संध्याकाळच्या आत कुरिअरवाला येऊन खोकं घेऊन जाईल.

कुरिअरचं नाव निघालं आणि भावजयीचा भाऊ उठून उभा राहिला. तो विट्याचा, तामिळनाडूत एका गावात त्याचं गलाईचं दुकान. सराफांचं मोडीचं सोनं वितळवून शुद्ध करायचं, त्याचा कस काढून द्यायचा, हा धंदा. बहिणीच्या नवऱ्याचं कळल्यावर रात्रभर गाडी चालवून आलेला. गलाईवाल्यांचा एक नियम आहे: माल परक्याच्या हातात जात नाही. एक गुंज असली तरी आपला माणूस घेऊन जातो, आपल्या माणसासमोर तिचा कस लागतो.

"आमी सोनं कुरिअरनं धाडत न्हाई," तो सिस्टरला म्हणाला, "आणि दाजींच्या हाडातला माल धाडू व्हय? नळी बदलली म्हंजे? कुणाचा कुणाला गेला म्हंजे?"

सिस्टर म्हणाली, नळीवर नाव आणि नंबर आहे. तो म्हणाला, सोन्याच्या बिस्किटावरबी नंबर असतो. मी अर्थातच त्याच्या बाजूनं. तीस वर्षांत टपालानं मागवलेली किती पुस्तकं दुसऱ्याच गावच्या वाचनालयात सापडली, ते मला माहीत होतं. शेवटी डॉक्टरांनी कागदावर सही घेऊन खोकं आमच्या ताब्यात दिलं. देताना सिस्टर म्हणाली, "उन्हात ठेवू नका. फार गार नको, फार गरम नको." हे वाक्य मला सरकारी वाटलं. अशा सूचनेचा अर्थ असा की उद्या काही बिघडलं तर दोन्हीकडून दोष तुमचा.

गलाईवाल्याच्या गाडीतून मी आणि तो लगेच पुण्याला निघालो. एप्रिलचं ऊन होतं. कराडच्या अलीकडे मी खोकं उघडून बघितलं. आतली जेलची पिशवी कोमट लागली. आम्ही गाडी थांबवली.

"दूध असतं तर आत्तापर्यंत नासलं असतं," मी म्हटलं.

"व्हय. ह्येंनी आपल्याला मुद्दाम कोमट पिशवी दिली आसंल," तो म्हणाला. "कुरिअरला ताजी देत्यात."

रस्त्याकडेला कुल्फीची गाडी होती. कुल्फीवाल्याला आम्ही औषध आहे म्हणून बर्फ मागितला. तो भला माणूस. नुसता बर्फ पुण्यापर्यंत टिकायचा नाही, म्हणाला, आणि त्याच्या पिंपातला खडेमीठ घातलेला बर्फ काढून दिला. प्लास्टिकच्या पिशवीत तो भरून मी स्वतः नळ्यांच्या भोवती गच्च बसवला. खोक्याला हात लावला की बोटं झिणझिणत होती. मला फार बरं वाटलं. त्या दिवसभरात करण्यासारखं एवढंच काम माझ्या हाताला मिळालं होतं.

पुण्यात लॅबच्या खिडकीवरच्या मुलीनं खोकं उघडलं, आत बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि काहीतरी लिहून घेतलं. आम्ही पावतीवरचा नंबर तीनदा ताडून परत फिरलो. गलाईवाला वाटेत म्हणाला, "आता खोट निघाली तर आपल्या बाजूनं न्हाई निघायची."

इकडे भावाला सात दिवस एक औषध आणि त्यातले पहिले तीन दिवस दुसरं, असं सुरू झालं. दुसरं लाल रंगाचं. लघवी लाल झाली तेव्हा तो म्हणाला, सैन्यात वर्दीचा रंग जायचा, इथं माणसाचा जातो. पेशी भराभर कमी होऊ लागल्या. आठव्या दिवशी कागद आले. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं.

जांभळ्या नळीचा निकाल लागला होता. एफएलटी-३ नावाच्या जनुकात बदल नव्हता. असता तर त्याच्यासाठी वेगळ्या गोळ्या चालू केल्या असत्या. एनपीएम-१ मध्येही बदल नव्हता. तो एकटा असता तर चांगला गट मिळाला असता. वाईट गटात ढकलणारंही काही नव्हतं. सगळं गुणसूत्रांवर येऊन थांबलं होतं, आणि हिरव्या नळीच्या कागदावर लिहिलं होतं की पेशी वाढल्या नाहीत, त्यामुळे गुणसूत्रं बघता आली नाहीत.

"म्हणजे गट कुठला?" मी विचारलं.

"गट ठरवता येत नाही."

"मग नळी पुन्हा भरा."

"आता त्यात काय सापडणार? औषधांनी त्या पेशी मारल्यात. चोर पळाल्यावर घराची झडती घेण्यासारखं आहे." मग ते म्हणाले की अशा वेळी धोका पत्करता येत नाही, मधला गट धरून चालू. भावंडांची तपासणी करून ठेवा, अस्थिमज्जा द्यायच्या केंद्राला मी आजच कळवतो.

भावंड म्हणजे मी एकटी. माझं रक्त दिलं आणि पुढे ते तंतोतंत जुळलंही. पण त्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बियाणं उगवलं नाही की दुकानदार म्हणतो, तुमचीच जमीन तशी. पेशी वाढल्या नाहीत म्हणे. कुणी वाढवायला ठेवल्या होत्या का? आणि वाढवायचं विसरलेल्या एका नळीपायी माझ्या भावाला अशा उपचारात घालायचं, ज्यातून काही जण परत येत नाहीत, हे सोयीचं कुणाला होतं? गलाईवाला तर पुण्याला जाऊन लॅबसमोर बसायला तयार होता. "आमच्यात कस चुकला तर राखून ठेवलेला तुकडा काढत्यात," तो म्हणाला. "ह्येंनी तुकडा राखला न्हाई व्हय?"

ते वाक्य घेऊनच मी इस्पितळाच्या तळमजल्यावर गेले, तो माझ्या मागोमाग. तिथे काचपट्ट्या बघणाऱ्या डॉक्टरीणबाई बसत. साठीच्या आसपासच्या. भिंतीवर एकही फोटो नव्हता, कॅलेंडर मागच्या महिन्यावर राहिलेलं. मी माझा सगळा संशय त्यांच्यापुढे मांडला, क्रमवार. त्यांनी मध्ये तोडलं नाही. नंतर हिरव्या नळीचा कागद मागितला, आणि मी कधीच वाचली नव्हती अशी खालची बारीक ओळ वाचली.

"नमुना गोठलेल्या अवस्थेत मिळाला, असं लिहिलंय. कशातून नेला होता?"

मी सांगितलं. जेलच्या पिशवीपासून कुल्फीच्या गाडीपर्यंत. खडेमिठाशी आल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला. शाळेत आम्ही हा प्रयोग केला होता. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खाली जातो.

"पेशी फुटल्या," त्या म्हणाल्या. "डीएनए गोठला तरी टिकतो, म्हणून जांभळीचं काम झालं. हिरवीला जिवंत पेशी लागतात. साधी थंड पिशवी पुरली असती, कोमट झाली तरी."

मला रागवायला त्यांच्याकडे पुरेसं कारण होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कुरिअरवालेही कधीकधी करतात." हे त्या खरं बोलल्या की माझ्यासाठी बोलल्या, ते अजून मला कळलेलं नाही.

मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी सरकवली आणि मला बघायला लावलं. "मलाही एक संशय आहे. पहिल्या दिवसापासून. माझ्या रिपोर्टच्या शेवटी लिहिलाय, पण शेवट कोण वाचतो? या पेशी बघा. यांच्यात नारिंगी दाणे असतात. इथे त्यांच्यात मोठे, काळपट जांभळे दाणेही आहेत. शिवाय तुमच्या भावाच्या हिरड्या सुजल्या होत्या. हे सोळाव्या गुणसूत्राचं काम वाटतं."

मला ठिपके दिसले. नारिंगी आणि जांभळे, एवढं खरं.

"सोळाव्याचं काय झालं असेल?"

"एक तुकडा तुटून उलटा फिरून तिथेच बसतो. तुम्ही वाचनालयात होतात ना?"

त्यांनी पुढे बोलायच्या आत मला समजलं. बांधणाऱ्यानं एखादा फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांची जुडी, उलटा बांधलेली पुस्तकं माझ्या हातून गेली आहेत. पानं सगळी असतात, जाडी तेवढीच, बाहेरून काही कळत नाही. जिथे उलटा फॉर्मा सुरू होतो तिथे एका पानाचं अर्धं वाक्य भलत्याच पानाच्या अर्ध्या वाक्याला जोडलं जातं. मी तसं म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "अगदी. फक्त इथे ते जोडवाक्य पेशी खरं मानते आणि त्याप्रमाणे वागते. आणि हा बदल आईबापांकडून आलेला नसतो. मुलांकडे जातही नाही. त्या एका पेशीत घडला आणि तिच्या पिल्लावळीत पसरला."

"मग चांगला गट की वाईट?"

"असला तर चांगला. म्हणजे मज्जा बदलायची बहुधा गरज नाही. नसला तर तुमचे डॉक्टर म्हणतात तेच."

"पण आता पेशी कुठून आणायच्या?"

त्यांनी कपाटातून पुठ्ठ्याची डबी काढली. आत रंग न दिलेल्या चार काचपट्ट्या, भावाच्या नावाच्या, पहिल्या दिवसाच्या. दर पेशंटच्या त्या चार राखून ठेवतात. गलाईवाल्याचा राखलेला तुकडा इथं तळमजल्यावर होता. त्यावरच्या पेशी मेलेल्याच असतात, पण एक तपासणी अशी आहे की तिला पेशी वाढवाव्या लागत नाहीत. सोळाव्यावर जिथे तुटतं त्या जागेच्या दोन बाजूंना दोन रंगांचे चमकणारे ठिपके चिकटवतात, एक लाल, एक हिरवा. जागा शाबूत असेल तर दोन्ही एकमेकांना बिलगून दिसतात. तुटली असेल तर लाल एकीकडे, हिरवा एकीकडे.

गलाईवाला म्हणाला, "द्या, मी जातो घेऊन."

"नको," आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी फितूर झाले.

काचपट्ट्या कुरिअरनं गेल्यानंतरचे पाच दिवस मी इस्पितळाच्या व्हरांड्यात काढले. भावाला ताप येऊन गेला, तोंडात फोड आले, डोक्यावरचे केस उशीवर राहायला लागले. त्याला एकच गोष्ट कळायला हवी होती, ती म्हणजे पुढे मज्जा बदलायची की नाही. मी त्याला सांगितलं नव्हतं की हा प्रश्न अजून उघडा आहे तो माझ्यामुळे. सहाव्या दिवशी बाई स्वतः वर आल्या. बहुतेक पेशींमध्ये लाल आणि हिरवा वेगळे झाले होते. तुकडा उलटा बसलेला होता.

मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि म्हणाले, "हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?" बाई म्हणाल्या, "लिहिलं होतं, सर." त्यांनी केंद्राला फोन लावला आणि तूर्त थांबायला सांगितलं. हा माणूस फोटोत दिसतो त्यापेक्षा बरा आहे, असं मला प्रथमच वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याचाही संशय आला.

महिन्याच्या शेवटी केलेल्या तपासणीत मज्जा स्वच्छ होती. आता भारी मात्रेच्या औषधाच्या तीन फेऱ्या, आणि दर वेळी त्या उलट्या जोडवाक्याच्या किती प्रती रक्तात शिल्लक आहेत त्याची मोजणी. वाढायला लागली तर अस्थिमज्जेचा विषय पुन्हा निघणार. हे ठरलं त्या दुपारी मी खाटेशेजारी बसून भावाला सगळं सांगितलं. कुल्फीची गाडी, मीठ, माझा हात.

भावजय पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"म्हंजे तुमी दोगांनी मला गोठवला," तो म्हणाला.

"हो."

"आणि त्या लॅबवाल्याला शिव्या दिल्या."

"दिल्या. तुझ्या मेव्हण्यानं जास्त."

"त्येला फोन करून माफी मागा. आजच."

"मागते."

"आणि गट चांगला म्हंजे काय, आक्का? नीट सांग. मला शाळेतलं नको."

मी म्हटलं, या गटातले पुष्कळ जण नुसत्या औषधांनी बरे होतात. सगळे नाही. तू कुठल्यात, ते कागदावर लिहिलेलं नाही.

"ह्ये बरं सांगितलंस," तो म्हणाला. मग कुशीवर वळता वळता: "एक लय चांगलं झालं. तुझ्या हाडातला मगज माझ्यात घातला असता, तर मीबी सकाळी उठून पेपरातल्या चुका काढत बसलो असतो. हिला दोन आक्का सोसवल्या नसत्या."

भावजय इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि लगेच रडली.

तिसरी फेरी संपली तेव्हा मोजणी हजारपटींहून जास्त खाली आली होती, पण शून्य नव्हती. मोठे डॉक्टर म्हणाले, या प्रकारात थोडं उरलं तरी चालतं, चढता आकडा वाईट, स्थिर आकडा चालतो. मी त्यांना कशावरून म्हणून विचारलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास समजावून सांगितलं, मागे कुणी उभं नसताना. मी खाली जाऊन तेच बाईंना विचारलं. उत्तर तेच आलं. भाऊ आता गावी आहे, म्हशी त्याची बायको बघते, त्याला गोठ्यात जायला मनाई आहे आणि तो जातो. दर तीन महिन्यांनी आम्ही सांगलीला जातो. आकडा आला की मी आधी सगळ्यात खालची बारीक ओळ वाचते, मग वरचा आकडा, आणि मग त्याला फोन करते. तो पहिल्याच वाजण्यात उचलतो.